वॉटरमार्कची पट्टी कापली तरी खाली फिकट रेघ राहतेच? आडव्या फोटोंचा घोळ आणि त्यावरचा उपाय

प्रॉब्लेम असा होता. माझ्या फोनचा कॅमेरा फोटोखाली एक पांढरी पट्टी चिकटवतो, त्यात मॉडेलचं नाव, लेन्सचे आकडे, तारीख असलं सगळं. सेटिंगमध्ये वॉटरमार्क बंद करता येतो हे मला कळेपर्यंत साठेक फोटो काढून झाले होते, आणि आता ते सगळे प्रिंटला द्यायचे होते. म्हटलं पट्टीच आहे, कापून टाकू, दोन मिनिटांचं काम. कापली. आणि फोटो मोठा करून बघितला तर अगदी तळाला एक फिकट, धुतल्यासारखी रेघ. परत थोडं वर कापलं, रेघ जरा बारीक झाली पण गेली नाही. तिसऱ्यांदा कापलं तोवर फोटोचा आकारच बिघडला, कारण प्रत्येक वेळी बोटाने ओढून अंदाजपंचे कापत होते.

यात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे ही रेघ सगळ्या फोटोंत नव्हती. उभे फोटो अगदी साफ कापले जात होते, रेघ फक्त आडव्या फोटोंत. आणि आडव्यातही सगळ्यांत नाही, ज्यात तळाला गडद रंग आहे त्यातच, म्हणजे खाली लाल गालिचा आला की रेघ ढळढळीत, खाली राखाडी फरशी आली की काहीच नाही. आधी वाटलं ॲप खराब आहे, दुसरं ॲप घेतलं, तेच. मग कॉम्प्युटरवर एडिटरमध्ये आकडे टाकून बरोब्बर पट्टीच्या कडेला कापलं, तरी तेच. म्हणजे कापण्यात चूक नव्हती, रेघ फोटोच्या आतच होती.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट, म्हणजे नंतर गोंधळ नको. हे सगळं आपल्याच फोटोवर आपल्याच फोनने मारलेल्या शिक्क्याबद्दल किंवा स्कॅनच्या काळ्या कडेबद्दल चाललंय. दुसऱ्या फोटोग्राफरचं नाव कापून फोटो वापरायचा असेल तर तो क्रॉपचा प्रश्नच नाही, त्याला विचारा किंवा बिनवॉटरमार्कची कॉपी विकत घ्या.

तर आता कारण. जेपीजी फाइल फोटो सुट्या सुट्या पिक्सेलमध्ये साठवत नाही, ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोनी ठोकळे करून साठवते. एका ठोकळ्यातले ६४ पिक्सेल एकत्र दाबले जातात, त्यामुळे ठोकळ्याच्या एका कोपऱ्यात काही वेगळं असेल तर त्याचा परिणाम त्या अख्ख्या ठोकळ्यावर थोडाथोडा सांडतो. हे उजेड-अंधाराच्या बाबतीत झालं. रंगाची माहिती त्याहून जाडीभरडी असते, कारण आपल्या डोळ्याला रंगातला बारीक फरक तितका कळत नाही म्हणून बहुतेक फोन रंग निम्म्या बारकाईने साठवतात, दोन्ही दिशांनी निम्मा. म्हणजे रंगाचा एक ठोकळा प्रत्यक्षात फोटोचा १६ बाय १६ पिक्सेलचा भाग व्यापतो. मग त्या १६ ओळींच्या मधोमध पट्टीची कड आली, तर वरच्या अर्ध्यात लाल गालिचा, खालच्या अर्ध्यात पांढरी पट्टी, आणि दोघांचा रंग एकाच ठोकळ्यात कोंबलेला. लाल थोडा फिका पडतो, पांढऱ्याला थोडी गुलाबी झाक येते. पट्टी कापली की गुलाबी झाक जाते, पण फिका पडलेला लाल आपल्याकडेच राहतो. तीच ती रेघ.

आता माझ्या फोटोचे आकडे घ्या. पट्टीसकट आडवा फोटो ४००० बाय ३४००, म्हणजे खरा फोटो ४००० बाय ३००० आणि खाली ४०० पिक्सेलची पट्टी बाहेरून जोडलेली. हे आधी तपासून घ्या, कारण पट्टी बाहेरून जोडलेली असेल तर फोटोचं काहीच गेलेलं नाही, आणि शिक्का फोटोवरच मारलेला असेल तर खालचं चित्र कायमचं गेलंय, दोन्हीचा हिशोब वेगळा. फोनचा नेहमीचा साइज काय ते बिनवॉटरमार्कच्या एखाद्या फोटोवरून कळतं.

३००० ला १६ ने भागा, १८७.५ येतात. सापडला चोर! पट्टीची कड बरोब्बर रंगाच्या ठोकळ्याच्या मधोमध पडते, त्या ठोकळ्याची वरची कड २९९२ व्या ओळीला, म्हणजे खऱ्या फोटोच्या शेवटच्या ८ ओळींचा रंग नासलेला. उभ्या फोटोत पट्टी ४००० व्या ओळीनंतर सुरू होते, आणि ४००० भागिले १६ म्हणजे पूर्ण २५०, शिल्लक काही नाही, म्हणून तिथे रेघ येत नाही. गंमत म्हणजे ३००० ला ८ ने भाग जातो, ३७५ वेळा, त्यामुळे उजेडाचे ठोकळे साफ आहेत आणि फक्त रंग सांडलाय. म्हणून तर राखाडी फरशीवर काही दिसत नव्हतं, राखाडीला फिकं पडायला रंगच नाही. कड जर ८ च्या पटीतही नसेल, जसं स्कॅन केलेल्या कागदाच्या कडेला बहुतेक वेळा होतं, तर फिकेपणाबरोबर कडेला मुंग्या फिरल्यासारखे बारीक ठिपकेही दिसतात, त्यावरून कळतं की उजेडाचाही ठोकळा फुटलाय.

तुमच्या फाइलमध्ये ठोकळा किती मोठा आहे ते अंदाजाने धरू नका, बघून घ्या. कॉम्प्युटरवर ImageMagick हा कमांडने फोटो हाताळायचा प्रोग्राम असेल तर:

```
identify -format "%w %h %[jpeg:sampling-factor] %[EXIF:Orientation]\n" juna.jpg
```

यात `2x2,1x1,1x1` आलं तर रंगाचा ठोकळा १६ बाय १६. `2x1,1x1,1x1` आलं तर रुंदीत १६ आणि उंचीत ८. `1x1,1x1,1x1` आलं तर सगळीकडे ८. शेवटचा आकडा ओरिएंटेशनचा, तो कशाला लागतो ते पुढे येतंय.

आणि रेघ खरंच रंग सांडल्याची आहे का, हे कापण्याआधीच पक्कं करायचं असेल तर पट्टीच्या वरच्या कडेकडे बघा. लाल भागाखाली पांढऱ्या पट्टीच्या पहिल्या काही ओळी किंचित गुलाबी दिसल्या तर सांडलाय, कारण सांडतो तो दोन्हीकडे. साध्या डोळ्याला कळत नसेल तर रंग तिप्पट भडक करून तळाचा तुकडा मोठा करून बघायचा. त्यासाठी एक कॉपी बरोब्बर पट्टीच्या कडेला कापून घ्या आणि ही कमांड त्या कॉपीवर चालवा:

```
magick kaplela.jpg -gravity South -crop 400x40+0+0 +repage -modulate 100,300 -scale 800% tapas.png
```

तळाच्या मधल्या भागाचा ४०० बाय ४० चा तुकडा आठपट मोठा होऊन येतो. रंग भडक केल्यामुळे नासलेल्या ओळी लगेच वेगळ्या दिसतात, किती ओळी नासल्यात ते मोजताही येतं. माझ्या तुकड्यात तळाच्या आठ ओळी, पट्ट्यासारख्या. गणित आणि डोळे जुळले की पुढे जायला धीर येतो.

आता कापायचं कसं. पहिला विचार येतो की २९९२ ला कापू, झालं. पण फोटो ४ बाय ३ चा आहे आणि प्रिंटवाल्याला तोच आकार द्यायचाय, नाहीतर तो स्वतः कुठेतरी कापणार किंवा कडेला पांढरं सोडणार. २९९२ ला ४ बाय ३ ची रुंदी काढली तर पूर्ण आकडा येत नाही. त्यात अजून एक बारीक भानगड आहे, एडिटर फोटो उघडताना जाडाभरडा रंग परत पसरवून गुळगुळीत करतो, त्यात कडेच्या एखाददुसऱ्या ओळीला शेजारच्या नासलेल्या ठोकळ्याचा रंग किंचित लागतो. म्हणून ठोकळ्याच्या कडेपासून दोनचार ओळी अजून आत यायचं. मी घेतलं ३९८४ बाय २९८८. हा बरोब्बर ४ बाय ३ आहे, नासलेल्या भागापासून ४ ओळी आत आहे, आणि गेलं किती तर रुंदीतले १६ आणि उंचीतले १२ पिक्सेल, म्हणजे फोटोचा एक टक्काही नाही. डोळ्याला फोटो तोच वाटतो.

हे कापायला मी jpegtran नावाचा कमांडवर चालणारा प्रोग्राम वापरला, कारण ते फोटो उघडून परत दाबत नाही, ठोकळे आहेत तसे उचलून नव्या फाइलमध्ये ठेवतं. क्वालिटी कमी होण्याचा प्रश्नच येत नाही.

```
jpegtran -copy all -crop 3984x2988+0+0 -outfile nava.jpg juna.jpg
```

आधी रुंदी, मग उंची, मग डावीकडून किती सोडायचं आणि वरून किती सोडायचं. `-copy all` मुळे तारीख वगैरे माहिती फाइलमध्ये राहते.

इथे मी पहिल्यांदा आपटले ते सांगते. रुंदीतले १६ पिक्सेल मला दोन्ही बाजूंनी सारखे काढायचे होते, म्हणून `+8+0` दिलं, डावीकडून ८ उजवीकडून ८. फाइल आली ३९९२ रुंदीची! कारण jpegtran ठोकळा मधून चिरू शकत नाही, डावी आणि वरची कड त्याला १६ च्या पटीतच लागते, आपण ८ सांगितलं तर ते गुपचूप मागे सरकून ० वर जातं आणि उजवी कड तुम्ही सांगितली तिथेच ठेवतं, मग रुंदी ८ ने वाढते. एरर नाही, वॉर्निंग नाही. उजवीकडे आणि खाली मात्र कुठेही कापता येतं, तिथे अर्धा ठोकळा चालतो. म्हणून खालची पट्टी कापणं सोपं, आणि वर किंवा डावीकडे काही असेल तर १६, ३२, ४८ असंच सरकायचं. कापून झालं की नव्या फाइलचा साइज एकदा बघायचाच, न बघता पुढे गेलात की प्रिंट आल्यावर कळतं.

दुसरा खड्डा ओरिएंटेशनचा. फोन उभा धरून काढलेला फोटो काही फोन आडवाच साठवतात आणि सोबत फक्त एक आकडा लिहितात की दाखवताना फिरवून दाखवा. jpegtran ला तो आकडा दिसत नाही, ते साठवलेल्या चित्रावर काम करतं. आकडा १ असेल तर काही टेन्शन नाही. ६ असेल तर आपल्याला दिसणारी खालची बाजू म्हणजे फाइलमधली उजवी बाजू, तिथून कापायचं. ८ असेल तर खालची बाजू फाइलमध्ये डावीकडे असते, म्हणजे तिथे १६ च्या पटीचा नियम लागू. एकदा मी हे न बघता कमांड मारली आणि पट्टी तशीच राहून फोटोची एक बाजू उडाली. मूळ फाइल वेगळी ठेवलेली होती म्हणून वाचले.

साठ फोटो एकेक करायचे नसतील तर आडवे आणि उभे आधी दोन फोल्डरमध्ये वेगळे करा, एकच आकडा दोघांना चालत नाही. आडव्यांच्या फोल्डरमध्ये:

```
mkdir -p saaf
for f in *.jpg; do jpegtran -copy all -crop 3984x2988+0+0 -outfile "saaf/$f" "$f"; done
```

उभे जर ओरिएंटेशन १ चे असतील तर त्यांना `3000x4000+0+0` पुरतं, तिथे सांडलेलं काही नाही.

मग तिसरी गंमत. सगळं कापलं, फोल्डर उघडला, तर छोट्या चित्रांत पट्टी तशीच! पाच मिनिटं कपाळाला हात लावून बसले. फोटो उघडला की पट्टी नाही, बंद केला की आहे. झालं असं की `-copy all` मुळे फाइलच्या आत साठवलेलं जुनं छोटं चित्र, थंबनेल, तेही जसंच्या तसं आलं. ते exiftool या प्रोग्रामने काढून टाकायचं, गॅलरी स्वतः नवं बनवते:

```
exiftool -ThumbnailImage= saaf/*.jpg
```

ही कमांड जुनी फाइल नावाच्या शेवटी `_original` जोडून बाजूला ठेवते, नको असेल तर नंतर डिलीट करा. हे थंबनेलचं प्रकरण फोटो दुसऱ्याला पाठवतानाही लक्षात ठेवण्यासारखं आहे, कडेचं जे मुद्दाम कापलंत ते आतल्या छोट्या चित्रात शिल्लक असू शकतं.

कमांडची कटकट नको असेल तर कुठलाही एडिटर चालतो, फक्त आकडे टाईप करता आले पाहिजेत. गिम्पमध्ये क्रॉपच्या टूलमध्ये जागा आणि साइज आकड्यांत देता येतात. सेव्ह एकदाच करायचं आणि मूळ फाइलवरूनच करायचं, कापलेल्यावर परत कापत बसायचं नाही. एक्स्पोर्ट करताना `Use quality settings from original image` दिसत असेल तर ते लावा. फोटो किंचित वाकडा असेल तर क्रम असा: आधी सरळ करा, मग कापा, मग लहान करायचं असेल तर सगळ्यात शेवटी. उलट केलंत, म्हणजे आधी लहान करून मग पट्टी कापली, तर लहान करताना पट्टीचा पांढरा रंग फोटोच्या ओळींत मिसळतो आणि मग ८ ओळींचं वगैरे गणित काही उरत नाही. ज्यांच्याकडे मेसेजवरून आलेला लहान केलेला फोटो आहे त्यांचं हेच झालेलं असतं, त्यांनी शक्य असेल तर मूळ फाइल मागवावी, नाहीतर डोळ्याने बघून ओळी मोजाव्यात.

नुसत्या फोनवर करायचं असेल तर अडचण बोटाची आहे. स्क्रीन १०८० पिक्सेल रुंद आणि फोटो ४०००, म्हणजे पूर्ण फोटो दिसत असताना स्क्रीनवरच्या एका ठिपक्यात फोटोच्या जवळजवळ चार ओळी. आपल्याला हव्या असलेल्या १२ ओळी म्हणजे स्क्रीनवर तीन ठिपके, बोटाने ते जमणं कठीण. प्रमाण ४ बाय ३ ला लॉक करून जरा हावरटासारखं जास्तच वर घ्या, फोटोच्या उंचीच्या एक टक्का गेला तर कुणाला कळत नाही, रेघ राहिली तर सगळ्यांना कळते.

आता शिक्का फोटोवरच असेल तर. माझ्या एका मित्राच्या फोटोंत खाली डाव्या कोपऱ्यात तारीख छापलेली होती, फोटो ४००० बाय ३०००, अक्षरांची वरची कड साधारण २७९० व्या ओळीला. ही कड २७८४ ते २८०० या ठोकळ्यात पडते, म्हणून कापायचं २७८४ ला, jpegtran नासलेला ठोकळा उचलतच नाही त्यामुळे इथे अजून आत यायची गरज नव्हती. चार बाय तीनने रुंदी आली ३७१२, आणि ती १६ ने भाग जाणारीही निघाली, नशीब त्याचं. रुंदीतले २८८ जाणार, दोन्हीकडून १४४, आणि १४४ म्हणजे नऊ सोळे, त्यामुळे इथे डावीकडून सरकणं चाललं:

```
jpegtran -copy all -crop 3712x2784+144+0 -outfile nava.jpg juna.jpg
```

इथे मात्र फोटोचा १४ टक्के भाग गेला. प्रिंटला अडचण नाही, इंचाला ३०० ठिपके धरले तरी १२ इंचाहून जास्त रुंद प्रिंट निघते. खरी अडचण वेगळीच, खालून २१६ ओळी गेल्यावर त्याच्या दोन ग्रुप फोटोंत माणसांचे पाय घोट्यावर कापले गेले. बाकी सगळं साफ असूनही फोटो बघताक्षणी काहीतरी तुटल्यासारखा वाटत होता. सांध्यावर कापलं की असंच होतं, घोटा, गुडघा, मनगट, कुठलाही. मग त्या दोन फोटोंत अजून वर जाऊन गुडघ्याच्या वर, मांडीच्या मध्यावर कापलं. पिक्सेल बरेच गेले पण फोटो मुद्दाम तसाच काढल्यासारखा दिसायला लागला. एका फोटोत तेही शक्य नव्हतं, खाली बसलेली मुलं होती, तिथे त्याने तारीख राहू दिली. मला वाटतं बरोबर केलं.

शेवटची तपासणी मी अशी करते की कापलेला फोटो एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या बॅकग्राउंडवर पूर्ण साइजला उघडते. पांढऱ्या पट्टीची उरलेली रेघ पांढऱ्यावर लपते, स्कॅनची काळी कड काळ्यावर लपते, आणि बहुतेक व्ह्यूअर काळेच असतात. माझ्या साठातले तीन फोटो पांढऱ्यावर पास झाले आणि काळ्यावर नापास, बघितलं तर तिन्ही मी आधी ॲपमध्ये कापून लहान केलेल्या कॉप्या होत्या, चुकून त्याच फोल्डरमध्ये राहिलेल्या. मूळ फाइलवरून परत कमांड चालवली, रेघ गेली.